महावंस वाचताना पडणारे प्रश्न

श्रीलंकेतल्या थेरवादी भिक्खूंनी पाली भाषेत लिहिलेल्या वंसग्रंथांबद्दल, त्यातही महावंसाबद्दल, पाली वाचणाऱ्यांच्या बैठकीत आणि अनुराधपूरला जाऊन आलेल्या मंडळींशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींची नाही.

महावंस म्हणजे इतिहास, पुराण की बखर?

मराठी माणसाला पटकन आठवते ती बखर, आणि ते फारसे चुकीचे नाही. पण बखर धन्याच्या पदरी असलेला चिटणीस लिहितो. महावंस लिहिला विहारातल्या भिक्खूने, आणि त्याचा धनी राजा नव्हता, त्याचा विहार होता. हा फरक लक्षात ठेवला की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आपल्याकडे राजांची वंशावळ वेगळी असते, क्षेत्राचे माहात्म्य वेगळे आणि गुरुपरंपरा वेगळी. महावंसात या तिघांचा एकच दोर वळलेला आहे. कोणत्या राजाने कोणता स्तूप बांधला, त्यात कोणते अवशेष ठेवले आणि ते ठेवताना कोणत्या परंपरेचे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, हजर होते, हे तिन्ही प्रश्न ग्रंथ एका दमात सोडवतो. 'वंस' म्हणजे वंश, आणि वंश म्हणजे वेळूही. पेर जिथे तुटेल तिथे वेळू संपला, ही धास्ती या ग्रंथाच्या पानापानावर आहे.

प्रत्येक अध्याय ज्या वाक्याने संपतो तेच ग्रंथाचा हेतू सांगते: 'सुजनप्पसादसंवेगत्थाय कते महावंसे'. सुजनांच्या मनात प्रसाद आणि संवेग, म्हणजे श्रद्धेची प्रसन्नता आणि अनित्यतेचा हादरा, उपजावा म्हणून रचलेला ग्रंथ. लेखकाने आपला हेतू ३७ वेळा सांगितला आहे. त्याने तो लपवला असे म्हणायची सोय नाही.

दीपवंस आणि महावंस या दोन्हींत तीच कथा आहे. मग दोन ग्रंथ कशाला?

दीपवंस आधीचा, साधारण इ.स.च्या चौथ्या शतकातला. कर्त्याचे नाव त्यात नाही. त्याची भाषा ओबडधोबड, छंद लंगडा, आणि एकच प्रसंग दोन-तीनदा सांगितलेला. पाठ करून म्हणायच्या ओव्या कोणी तरी जशाच्या तशा लागोपाठ लिहून काढाव्यात तसा तो वाटतो. महावंस पाचव्या शतकातला. तो महानाम नावाच्या थेराने रचला, असे त्यावरची पाली टीका सांगते. अनुराधपूरचा महाविहार हे त्याचे घर. दोन्ही ग्रंथ महासेन राजाच्या मृत्यूपाशी येऊन थांबतात.

महानामाने जुन्याबद्दलची तक्रार सुरुवातीलाच नोंदवली आहे: 'पोराणेहि कतो पेसो अतिवित्थारितो क्वचि'. पूर्वीच्यांनी रचलेला हा ग्रंथ कुठे फार पसरट, कुठे फार त्रोटक आणि पुनरुक्तीने भरलेला आहे, तो मी नीट करून सांगतो. संपादकाची तक्रार दीड हजार वर्षांत काही बदललेली नाही.

पण नीटनेटकेपणाची किंमत मोजावी लागते. महानामाने काही ठिकाणी नावे गाळली, आणि त्या गाळलेल्या नावांपैकी एक पुढे सांचीच्या दगडावर सापडले. त्याबद्दल खाली येईलच. म्हणून अभ्यासकाला दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावे लागतात. गोडी महावंसाला जास्त, कच्चा माल दीपवंसात जास्त.

आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या राजांची माहिती महानामाने आणली कुठून?

मुख्य साधन म्हणजे महाविहारात जपलेल्या जुन्या सिंहली अट्ठकथा. त्रिपिटकावरच्या या भाष्यांना प्रस्तावना म्हणून द्वीपाचा इतिहास जोडलेला होता. त्या मूळ सिंहली अट्ठकथा आज उरलेल्या नाहीत, पण महावंसाची टीका त्यांचा वारंवार हवाला देते.

दुसरे साधन ग्रंथातच एका प्रसंगात दिसते, आणि मला तो साऱ्या महावंसातला सर्वांत देखणा प्रसंग वाटतो. दुट्ठगामणी राजा अनुराधपूरला महास्तूप बांधतो आहे, आजचे रुवनवेलीसेय. छत्र आणि गिलाव्याचे काम उरलेले असतानाच तो मरणपंथाला लागतो. तो धाकट्या भावाला, तिस्साला, बोलावून उरलेले काम पुरे करायला सांगतो. तेवढा वेळ हातात नाही हे तिस्स ओळखतो. तो शिंप्यांकडून पांढऱ्या कापडाची खोळ शिवून घेतो आणि ती अर्धवट स्तूपावर चढवतो. चितारी त्या कापडावर कठडा आणि पूर्णघटांच्या ओळी रंगवतात, बुरूड वेळूचे छत्र करून वर बसवतात. मग राजाला सांगितले जाते की काम झाले. राजा पालखीत पडून स्तूपाला प्रदक्षिणा घालतो, जमिनीवर अंथरलेल्या आसनावर पहुडतो आणि स्तूपाकडे बघत राहतो.

त्या वेळी राजाची 'पुञ्ञपोत्थक', म्हणजे पुण्याची वही, आणवून लेखकाकडून मोठ्याने वाचून घेतली जाते. किती विहार बांधले, किती खर्च झाला, कोणाला काय दान दिले. ऐकून झाल्यावर राजा म्हणतो, राज्यावर असताना दिलेल्या या सगळ्याने मला तितका आनंद नाही, संकटात जिवाची पर्वा न करता दिलेल्या दोन दानांनी आहे.

कापडाची खोळ खरी असो वा नसो, वहीची प्रथा कथाकाराला चांगली माहीत होती हे उघड आहे. दानाच्या अशा नोंदी म्हणजे राजा आणि विहार यांच्यातला हिशेब. विहारांची आणि तळ्यांची नावे, कोणाच्या काळात काय बांधले, हा महावंसातला रुक्ष वाटणारा भाग अशाच वह्यांवरून आला असावा. तोच भाग सर्वांत भरवशाचा आहे.

राजांच्या ग्रंथात 'धातूं'ची एवढी कथा का?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इथे धातू म्हणजे तांबे-पितळ नव्हे. बुद्धाच्या देहाचे अवशेष, त्याने वापरलेल्या वस्तू आणि बोधिवृक्ष, या सगळ्यांना आदराने धातू म्हणतात. धातू ज्याच्या गर्भात आहे तो धातुगब्भ, सिंहलीत दागब. कार्ले-भाजे लेण्यांवरच्या जुन्या मराठी लिखाणात 'दागोबा' हा शब्द भेटतो, तो याच कुळातला.

आता मूळ प्रश्न. बुद्ध लंकेत जन्मला नाही, राहिला नाही, निर्वाणही तिथे पावला नाही. मग शासनाचे, म्हणजे बुद्धाच्या धम्माचे, घर लंका, हा दावा उभा राहायचा कशावर? वस्तूंवर. आणि वस्तूचा मालकीहक्क सिद्ध करायला सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी सलग नोंद लागते: कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कोणाच्या साक्षीने. महावंसातल्या धातुकथा या त्या नोंदी आहेत.

महास्तूपातल्या धातूंची नोंद अशी चालते. बुद्धाच्या अस्थींचे आठ वाटे झाले. त्यांतला रामगामच्या कोलियांचा वाटा गंगेच्या काठी स्तूपात होता. पुराने तो स्तूप फुटला, करंडक वाहत समुद्रात गेला आणि नागांच्या हाती लागला. नागांनी तो आपल्या लोकी नेऊन पूजेला लावला. दुट्ठगामणीचा स्तूप तयार होत आला तेव्हा संघाने सोणुत्तर नावाच्या तरुण भिक्खूला तो आणायला धाडले. नागराजाच्या भाच्याने करंडक गिळून टाकला आणि तो प्रचंड वेटोळे घालून सुमेरूच्या पायथ्याशी पडून राहिला. इकडे नागराजा निर्धास्तपणे सोणुत्तराला म्हणाला, दिसला तर घेऊन जा. सोणुत्तराने तिथूनच हात बारीक करून लांब केला, भाच्याच्या तोंडातून पोटात घातला आणि करंडक उचलून तो निघाला. मागे नागांनी एकच आकांत केला.

गोष्ट मुलांना सांगावी अशी आहे, पण तिच्यातला प्रत्येक टप्पा कामाचा आहे. सुरुवातीचा वाटा महापरिनिब्बान सुत्तातला, म्हणजे सर्वमान्य. पूर हे स्थलांतराचे कारण. नागराजाचा शब्द ही संमती. आणि हा वाटा पुढे लंकेत जाईल असे बुद्धानेच निर्वाणशय्येवर ठरवले होते, ही शेवटची मोहर. असा पुरावा कोर्टात टिकणार नाही, पण ज्यांच्यासाठी लिहिला त्या विहारात तो हजार वर्षे टिकला.

पुढे या प्रकारचे वेगळे ग्रंथच निघाले: बोधिवृक्षाचा महाबोधिवंस, स्तूपाचा थूपवंस, दंतधातूचा दाठावंस. कलिंगातून राजकन्या हेममाला आणि तिचा पती दंतकुमार यांनी बुद्धाचा दात लपवून आणला, ती कथा शेवटच्यात आहे.

महिंदाच्या आंब्याच्या कोड्याला काय अर्थ आहे?

प्रसंग ज्येष्ठ पौर्णिमेचा, मिहिन्तलेच्या डोंगरावरचा. देवानंपिय तिस्स राजा हरणामागे धावतो आहे. वरून आवाज येतो: 'इकडे ये, तिस्सा.' राजाला नावाने, तेही एकेरी, हाक मारणारा कोण? त्याला यक्षाचा भास होतो. महिंद, परंपरेप्रमाणे अशोकाचा भिक्खू झालेला मुलगा, सांगतो, 'समणा मयं महाराज', आम्ही श्रमण आहोत, धम्मराजाचे श्रावक, तुझ्यावरच्या अनुकंपेने जंबुद्वीपातून आलो आहोत. आणि मग बसल्या जागी परीक्षा सुरू होते.

'महाराज, या झाडाचं नाव काय?'
'आंबा, भंते.'
'हा सोडून आणखी आंबे आहेत?'
'पुष्कळ आहेत.'
'हा आंबा आणि ते आंबे सोडून आणखी झाडं आहेत?'
'पुष्कळ आहेत, भंते. पण ती आंब्याची नाहीत.'
'ते दुसरे आंबे आणि ती आंबा नसलेली झाडं सोडून आणखी काही?'
'हा आंबा आहे, भंते.'

पुढे हेच नातेवाइकांबद्दल विचारले जाते, आणि 'आप्त आणि परके सोडून कोण उरतं?' याला राजा उत्तर देतो, 'मी स्वतः.' मग महिंद त्याला उपदेश करतो.

तर्कशास्त्राचा हा पहिला धडा आहे: वर्ग, वर्गाबाहेरचे आणि ती एक व्यक्ती. पण कथेतले त्याचे काम वेगळे आहे. उपाली, दासक, सोणक, सिग्गव, मोग्गलिपुत्त तिस्स आणि मग महिंद, अशी विनयाची, म्हणजे भिक्खूंच्या नियमांची, गुरुपरंपरा ग्रंथाने आधीच मांडली आहे. आता ती पलीकडच्या काठावर उतरायची, तर उतरून घेणारा लायक हवा. राजा परीक्षेत उतरतो तिथे राजवंश आणि गुरुवंश यांची गाठ बसते. त्यापाठोपाठ महिंदाची बहीण संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन येते आणि तिसरा पेडही वळला जातो. विनयाच्या अट्ठकथेत महिंद अट घालतो की लंकेत लंकेच्या आईबापांपोटी जन्मलेला मुलगा लंकेतच प्रव्रजित होऊन लंकेतच विनय म्हणून दाखवील, तेव्हा शासनाची मुळे रुजली असे म्हणायचे.

वर्षांचे आकडे जुळतात का?

जुळतात, आणि तीच शंकेची जागा आहे. स्वतः बेरीज करून पाहावी.

महावंस म्हणतो, लंकेचा पहिला राजा विजय तिथे उतरला तो बुद्धाच्या निर्वाणाच्याच दिवशी, आणि महिंद आला तो निर्वाणानंतर २३६ वर्षांनी. मधले राजे असे: विजय ३८ वर्षे, मग राजाविना १ वर्ष, पंडुवासुदेव ३०, अभय २०, पुन्हा राजाविना १७, पंडुकाभय ७०, मुटसिव ६०. बेरीज २३६, ना एक कमी ना एक जास्त.

आता माणसे पाहा. पंडुकाभय ३७ व्या वर्षी गादीवर बसला असे ग्रंथच सांगतो, म्हणजे तो १०७ वर्षे जगला. त्याच्यामागून मुलगा मुटसिव ६० वर्षे. मुटसिवाचा मुलगा देवानंपिय तिस्स ४०, मग त्याचे भाऊ उत्तिय, महासिव आणि सूरतिस्स प्रत्येकी १०, मग सेन आणि गुत्तिक हे परके २२, आणि त्यांना हटवून पुन्हा मुटसिवाचाच असेल नावाचा मुलगा १० वर्षे. बाप वारल्यानंतर शंभर वर्षांनीही त्याचा सख्खा मुलगा राज्य करतो आहे. भाऊबंदांत दहा-दहा वर्षे अशी वाटून दिलेली दिसली की हिशेबनीसाचा हात ओळखावा.

घडले असे असावे: निर्वाण आणि महिंद ही दोन टोके परंपरेने पक्की होती, आणि मध्ये जेवढी नावे ठाऊक होती तेवढ्यांवर वर्षे ताणून बसवली. गुरुपरंपरेचेही तेच. २१८ वर्षांसाठी विनयाचे अवघे पाच आचार्य.

दुसरी तपासणी बाहेरून करता येते. ग्रंथाप्रमाणे अशोकाचा अभिषेक निर्वाणानंतर २१८ वर्षांनी झाला. परंपरा निर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये धरते, म्हणजे अभिषेक इ.स.पू. ३२६ च्या सुमारास येतो. पण अशोकाने तेराव्या शिलालेखात समकालीन ग्रीक राजांची नावे दिली आहेत आणि त्यांच्या तारखा माहीत आहेत. त्यावरून अभिषेक इ.स.पू. २६८ च्या आसपास येतो. सुमारे ६० वर्षांचा फरक. म्हणून २१८ हा आकडा खरा मानणारे अभ्यासक निर्वाणच खाली ओढून इ.स.पू. ४८६ किंवा ४८३ धरतात. तो आकडाही न मानणारे आणखी खाली येतात.

परंपरेची ही गणना आपल्याला परकी नाही. १९५६ साली बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष साजरे झाले आणि त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, ते २५०० वर्षे मोजलेली आहेत याच ५४४ वरून.

मग यातले विश्वासाने काय घ्यावे?

दगडाने ज्याला दुजोरा दिला ते. तीन उदाहरणे पुरतील.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली आणि जागोजागी 'देवानंपिय पियदसि' नावाचा राजा निघाला. हा कोण? भारतातल्या राजांच्या याद्यांत असे नाव नव्हते. लंकेच्या देवानंपिय तिस्साकडे प्रिन्सेपचा आधी कल होता. त्या वेळी लंकेत जॉर्ज टर्नर हा मुलकी अधिकारी महावंसाच्या छपाईत गुंतलेला होता. त्याला दीपवंसात सापडले की चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा अशोक, यालाच 'पियदस्सि' म्हटले आहे. कोडे सुटले. 'अशोक' हे नाव कोरलेला लेख मस्कीला सापडला तो १९१५ साली. म्हणजे ७८ वर्षे भारताचा सर्वांत मोठा राजा एका ओबडधोबड पाली पोथीच्या भरवशावर ओळखला जात होता.

दुसरे उदाहरण सांचीचे. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्साने नऊ ठिकाणी थेर धाडले, अशी यादी या ग्रंथांत आहे. हिमालयाकडे मज्झिम गेला असे महावंस म्हणतो. दीपवंस त्याच्यासोबत कस्सपगोत्ताचेही नाव देतो. १८५१ साली कनिंगहॅमने सांचीचा दुसरा स्तूप उघडला, तेव्हा आतल्या करंडकांवर मज्झिमाचे नाव होते आणि कस्सपगोत्ताचेही, आणि कस्सपगोत्ताला तिथे 'साऱ्या हिमवताचा आचार्य' म्हटले होते. महानामाने सफाई करताना उडवलेला माणूसच प्रमुख निघाला.

तिसरे लंकेतले. राजगलच्या डोंगरावर एका जुन्या ब्राह्मी लेखात इदिक आणि महिद या थेरांच्या स्तूपाचा उल्लेख आहे. महावंसात महिंदाबरोबर आलेल्या भिक्खूंत इट्ठिय हे नाव आहेच.

उलट बाजूही सांगायला हवी. अशोकाच्या लेखांत ताम्रपर्णीचे, म्हणजे लंकेचे, नाव येते, पण महिंदाचे नाही, संघमित्तेचे नाही आणि तिसऱ्या संगीतीचेही नाही. थेर गेले हे खरे, पण ते राजपुत्र होते की नव्हते, याला शिलालेखाची साक्ष नाही.

महाराष्ट्राचा उल्लेख आहे म्हणतात, तो कुठे?

बाराव्या अध्यायात. नऊ ठिकाणांच्या त्या यादीत महाधम्मरक्खित थेर 'महारट्ठ' देशी जातो आणि महानारदकस्सप जातक सांगतो, ८४ हजार लोकांना मार्गफल मिळते आणि १३ हजार प्रव्रज्या घेतात. शेजारच्या अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, धम्मरक्खित नावाचा यवन थेर जातो. अशोककाळी ग्रीक वंशाचा भिक्खू कोकणात धम्म सांगत फिरतो आहे, हे चित्र मला त्या हजारांच्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

आकडे मनावर घेऊ नयेत. ८४ हजार हा ठरीव आकडा आहे. अशोकाचे विहार ८४ हजार, धम्मस्कंधही ८४ हजार. आणि 'महारट्ठ' या नावावरून अशोकाच्या काळी हे नाव रूढ होते असेही ठरत नाही. लिहिणारा त्याच्या सातशे वर्षांनंतरचा आहे.

आणखी एक उल्लेख वसई-विरारकडच्यांना आवडेल. विजय आणि त्याचे ७०० साथीदार हद्दपार होऊन निघाले ते आधी सुप्पारक बंदरात, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला, उतरले. पण साथीदारांनी तिथे इतका धुडगूस घातला की जिवावर बेतले आणि पुन्हा जहाजावर चढावे लागले. सिंहली राजवंशाचा मूळ पुरुष सोपारकरांनी हाकलला, असा त्याचा मतलब. याच सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला.

'दीड माणूस मारला' हे खरेच त्यात आहे?

आहे, पंचविसाव्या अध्यायात. चोळ देशातून आलेल्या एळाराने अनुराधपूरवर ४४ वर्षे राज्य केले. दुट्ठगामणीने त्याला द्वंद्वात मारले. विजयानंतर राजाला झोप येईना, इतकी माणसे मारल्याने मन खाऊ लागले. तेव्हा आठ अर्हत आले आणि म्हणाले, तुझ्या हातून दीडच माणूस मेला आहे. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील पाळणारा, बाकीचे मिथ्यादृष्टी, पशूंसारखे.

याला गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. बुद्धवचनात असे कुठेही नाही, आणि पहिल्या शीलाशी ते जुळत नाही. दीपवंसात हे युद्ध जेमतेम काही ओळींत उरकले आहे, तिथे अर्हतांचा हा दिलासा नाही. महानामाने मात्र ३७ पैकी ११ अध्याय या एका राजाला दिले. राजाच्या भाल्यात धातू बसवलेला, सैन्यासोबत ५०० भिक्खू, आणि 'हे कष्ट राज्यसुखासाठी नाहीत, शासनासाठी आहेत' अशी शपथ. शासन वाचवायला राजा हवा, राजाला युद्ध हवे, आणि युद्धाचे पाप कुठे तरी जिरवायला हवे. 'दीड' ही त्या जिरवण्याची खूण आहे. विसाव्या शतकात सिंहली-तमिळ वादात हाच उतारा दोन्हीकडून फडकवला गेला.

पण तोच ग्रंथ आणखी काय सांगतो तेही वाचावे. एळार न्यायी होता. दुट्ठगामणीने त्याच्या देहाचा मानाने अंत्यसंस्कार केला, तिथे स्मारक उभारले आणि पूजा लावली. तिथून जाताना लंकेचे राजे आजही वाद्ये थांबवतात, असे महानाम आपल्या काळाबद्दल लिहितो. आणि अर्हतांच्या दिलाशानंतर लगेच राजाला आठवते की आपण एकदा संघाला न देता मिरीचा घोस खाल्ला होता, आणि त्याच्या प्रायश्चित्तासाठी तो मरिचवट्टी विहार बांधतो. हजारोंच्या मरणाला दीडाचा हिशेब आणि मिरीच्या घोसाला अख्खा विहार! हे दोन प्रसंग महानामाने शेजारी शेजारी ठेवले ते भाबडेपणाने की कसे, यावर आमच्या बैठकीत दर वेळी वाद होतो.

महाविहाराची बाजू म्हणजे नेमकी कोणाविरुद्ध?

त्याच शहरातल्या अभयगिरी विहाराविरुद्ध. वट्टगामणी राजाने तो इ.स.पू. पहिल्या शतकात बांधला आणि तेव्हापासून दोन विहारांत चढाओढ लागली. त्रिपिटक पहिल्यांदा लिहून काढले गेले तेही याच राजाच्या काळात. तोपर्यंत सारे मुखोद्गत होते.

खरा घाव बसला तो महासेनाच्या काळात. संघमित्त नावाच्या भिक्खूच्या सल्ल्याने राजाने महाविहाराला भिक्षा देण्यावर बंदी घातली. भिक्खू मलय आणि रोहण प्रांतांत निघून गेले, महाविहार ९ वर्षे ओस पडला. लोहप्रासाद पाडून त्याचे सामान अभयगिरीला नेले. मेघवण्णाभय या अमात्याने बंड केल्यावर राजाने माघार घेतली, पण पुढे महाविहाराच्याच सीमेत जेतवन बांधले. महावंस संपतो तो या राजापाशी: पुण्य आणि पाप दोन्ही त्याने रग्गड जमवले, अशा अर्थाच्या ओळीने. ग्रंथाचा सूर समजायचा असेल तर हा घाव डोळ्यांसमोर ठेवावा. विहार एकदा जमीनदोस्त झालेल्यांच्या वारसाने 'आमचीच परंपरा अखंड' असे लिहिले आहे.

अभयगिरीचे ग्रंथ उरले नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू ऐकायला मिळत नाही. पण फा-हिएन हा चिनी भिक्खू पाचव्या शतकाच्या सुरुवातीला अनुराधपुरात दोन वर्षे राहिला. त्याने अभयगिरीत ५ हजार भिक्खू नोंदवले आणि महाविहारात ३ हजार. महावंस वाचून कोणाला असे वाटणार नाही की त्या काळी मोठा विहार दुसराच होता.

चूळवंस हा वेगळा ग्रंथ आहे का?

नाही. लंकेत सगळ्यालाच महावंस म्हणतात. महासेनानंतरच्या भागाला चूळवंस हे वेगळे नाव विल्हेल्म गायगर या जर्मन संपादकाने रूढ केले. ही पुरवणी वेगवेगळ्या हातांनी, मधे मधे शतकांची खिंडारे ठेवून लिहिली गेली. अठराव्या शतकात कँडीच्या कीर्ती श्री राजसिंहाच्या वेळी तिबोटुवावे भिक्खूंनी ती आपल्या काळापर्यंत आणली. एकोणिसाव्यात हिक्कडुवे सुमंगल थेर आणि पंडित बटुवंतुडावे यांनी १८१५ पर्यंत, म्हणजे कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत.

हे सुमंगल थेर म्हणजे कोलंबोच्या विद्योदय परिवेणाचे प्रमुख. गोव्याहून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली पाली शिकायला पोचले ते त्यांच्याकडेच, आणि श्रामणेर झाले तेही तिथेच.

पहिल्यांदा वाचताना कुठून सुरुवात करावी?

पहिल्या अध्यायापासून नको. बुद्धाच्या लंकेला दिलेल्या तीन भेटी तिथे आहेत आणि अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. बत्तिसावा अध्याय आधी वाचा, पांढऱ्या कापडाचा. मग बावीस ते पंचवीस, मग चौदाव्यातला आंबा, आणि त्यानंतर सदतिसाव्यातला महासेन. पालीची थोडी ओळख असेल तर मूळ श्लोक सोबत ठेवा, महानामाची पाली सोपी आणि घोटीव आहे. अनुराधपूरला जाणार असाल तर रुवनवेलीसेयसमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात असू द्या: आज दिसतो तो पांढराशुभ्र घुमट विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत तिथे झाडीने भरलेली विटांची टेकडी दिसते.